गोड बोलू नका, तारीख सांगा

हेल्पलाइनचा फोन ठेवायचा अवकाश, मोबाईलवर मेसेज येतो: आमच्या प्रतिनिधीचं बोलणं तुम्हाला कसं वाटलं, एक ते पाच गुण द्या. आपण बायका काय करतो? पलीकडच्या त्या मुलीचा दमलेला आवाज आठवतो. कुठल्या गावची कोण, दिवसभर लोकांचे शिव्याशाप ऐकत बसली असेल, तिच्या पगारावर कशाला गदा, असं म्हणून पाच दाबून मोकळ्या होतो. आमच्या महिला मंडळात मी सहज विचारलं, तर एकजात सगळ्यांनी पाच दिलेले. ज्यांचं काम झालं त्यांनीही पाच, ज्यांचं झालं नाही त्यांनीही पाच.

मला या पाच गुणांशीच भांडायचं आहे. हे गुण मुलीला दिले जातात, बँकेला नाही. बँक काय विचारत नाही ते बघा. किती वेळ थांबलात, हे विचारत नाही. पैसे कोणत्या तारखेला येतील हे स्पष्ट सांगितलं का, हे विचारत नाही. नंतर आम्ही आपणहून तुम्हाला कळवलं का, हे तर मुळीच विचारत नाही. मदत झाली की नाही हे या तीन गोष्टींवरून ठरतं, आणि त्या तीनही वगळून उरतं ते गोड बोलणं. त्याला गुण द्यायचे आणि सेवा उत्तम झाली असं समजायचं!

हे हवेत बोलत नाही. सासूबाईंच्या खात्याची हकीकत तारखांसकट सांगते. बँकेचं नाव घेत नाही. घेतलं तर दुसऱ्या बँकांत खाती असलेल्या वाचकभगिनी 'आपलं बरं आहे बाई' म्हणून पुढचं पान उलटतील, आणि तसं होऊन चालणार नाही.

4 ऑगस्ट, सोमवार. सासूबाईंचं कार्ड घेऊन मी त्यांच्यासोबत आमच्या टिळकवाडीतल्या एका एटीएमवर गेले. एटीएम दुसऱ्याच बँकेचं होतं. 10,000 रुपये मागितले. मशीन घरघरलं, नोटा मोजल्याचा आवाज आला, आणि मग पडद्यावर व्यवहार होऊ शकत नाही असं आलं. नोट एकही नाही. दोन मिनिटांत मेसेज: खात्यातून 10,000 वजा.

आत काय झालं असेल ते आधी समजून घेऊ, कारण हेल्पलाइनवाले हे कधी सांगत नाहीत आणि ते माहीत नसल्यामुळेच आपण घाबरून बोलतो. आपण रक्कम दाबली की एटीएमवाली बँक मधल्या जाळ्यातून आपल्या बँकेला विचारते, खात्यात पैसे आहेत का. आपली बँक रक्कम आधी वजा करते आणि मग 'द्या' म्हणून परवानगी पाठवते. त्यानंतर मशीन नोटा मोजतं. इथे नोटा अडकल्या किंवा लाइन गेली, तर 'पैसे दिले नाहीत, परत जमा करा' असा उलटा निरोप जायला हवा. तो गेला नाही किंवा वाटेत हरवला की वजाबाकी तशीच राहते. पण मशीन स्वतः प्रत्येक हालचालीची नोंद ठेवत असतं. शिवाय त्यातल्या रोकडीचा मेळ घालतात तेव्हा न निघालेले ते 10,000 हिशेबापेक्षा जास्त भरतात. म्हणजे ग्राहक खरं बोलतो की खोटं, हा प्रश्नच नाही. आपल्या घरातल्या पुरुषांना विचारा, दुकानाच्या गल्ल्यात दहा हजार जास्त निघाले तर रात्री झोप लागेल का.

आणि याला नियम आहे. रिझर्व्ह बँकेनं 20 सप्टेंबर 2019 ला एक परिपत्रक काढलं. त्या वर्षीच्या 15 ऑक्टोबरपासून ते लागू झालं. एटीएममधून रोकड निघाली नाही आणि खातं मात्र वजा झालं, तर व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त 5 दिवसांत बँकेनं आपणहून पैसे परत जमा करायचे. त्याहून उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये खातेदाराला द्यायचे. हे 100 रुपयेही आपणहून द्यायचे, ग्राहकानं तक्रार करायची किंवा मागायची वाट बघायची नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे 4 ऑगस्टचे पैसे 9 ऑगस्टपर्यंत. एवढं एक वाक्य हेल्पलाइनवर कुणी सांगितलं असतं, तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

आता वाट बघण्याबद्दल. घरी येऊन सहा वाजून पाच मिनिटांनी कार्डाच्या मागचा नंबर लावला. आधी भाषा निवडा: कन्नड, हिंदी, इंग्रजी. मराठी नाही. कन्नड मला येतं, सासूबाईंना तर माझ्याहून चांगलं, म्हणून ते दाबलं. पुढचं रेकॉर्डिंग कन्नड आणि माणूस मात्र हिंदी बोलणारा. पण माणूस भेटायच्या आधीच 26 मिनिटं संगीत ऐकून फोन तुटला. परत लावला. परत तेच आकडे दाबणं, परत संगीत. आपल्या घरांत संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी होतं. ताट वाढून ठेवलेलं, ऑगस्टात बेळगावला सात वाजायच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि सातला पाच मिनिटं कमी असताना मुलगी लाइनवर आली. मी बोलायला लागले तर म्हणाली, 'खातेदाराशीच बोलू.' तेही बरोबरच आहे, नाहीतर कुणीही उठून कुणाच्याही खात्याची चौकशी करील. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. ऐकू कमी येतं, हिंदी जेमतेम. जन्मतारीख विचारली तर म्हणाल्या, 'आषाढातली.' शाळेत घातलेली तारीख मी कानात सांगितली तर पलीकडून दटावणी: दुसऱ्या कुणी उत्तर द्यायचं नाही. असं करता करता सव्वासात झाले आणि ताट तसंच झाकून ठेवलं.

नियम सासूबाईंचा, तो पाळायचा त्यांनीच, त्याचं बिल मी बँकेला पाठवत नाही. पण तासभराहून अधिक वेळ लाइनवर ठेवायची पाळी यावी का? मोबाईल कंपन्यांना ट्रायचा दंडक आहे: ग्राहकाला माणसाशी बोलायचं असेल तर शंभरातल्या 95 कॉलना 90 सेकंदांत उत्तर मिळालं पाहिजे. तो किती पाळला जातो तो भाग वेगळा, पण निदान मोजायला पट्टी आहे. आमची बँक 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' यावर भागवते.

वाट बघण्याचा दुसरा धोका त्याहून मोठा आहे. कंटाळलेली बाई फोन ठेवते आणि बँकेचा दुसरा कुठला नंबर आहे का म्हणून इंटरनेटवर शोधते. तिथं भामट्यांनी पेरून ठेवलेला नंबर पहिल्या घंटीला उचलला जातो. तो माणूस मराठीतही बोलतो! 'काकू, काळजी करू नका, हे एवढं ॲप घ्या, मी बघून सांगतो.' ॲप घेतलं की तुमच्या मोबाईलचा पडदा त्याला दिसायला लागतो, ओटीपी दिसतो, आणि खातं रिकामं. असं झालंच तर क्षणाचाही उशीर न करता 1930 लावायचा आणि बँकेला कळवायचं. पण मुळात बाईला तिकडे ढकललं कुणी? खऱ्या नंबरवरच्या पाऊण तासाच्या संगीतानं. बँका जाहिरातीत सांगतात, सावध राहा, अनोळखी नंबरवर बोलू नका. मग ओळखीचा नंबर उचला की हो.

उत्तरांची तऱ्हा वेगळीच. त्या संध्याकाळी मुलीनं तक्रार नोंदवली, आकडा दिला आणि म्हणाली, सात कामाचे दिवस लागतील. 'कामाचे' हा शब्द तिनं इतक्या सहज घातला की तो कुणाच्या कानाला टोचू नये. नियमात साधे दिवस आहेत, कॅलेंडरचे. कामाचे मोजले तर मधला दुसरा शनिवार आणि रविवार वगळून 13 ऑगस्ट येतो. नियमानं मोजलं तर 9. या चार दिवसांत बँकेला 400 रुपये पडायला हवेत. 'कामाचे' म्हटलं की ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. ती मुलगी मुद्दाम खोटं बोलली असं मला वाटत नाही. तिच्यासमोरच्या पडद्यावर जे लिहिलं असेल ते तिनं वाचलं. पण पडद्यावर ते लिहिणाऱ्यानं परिपत्रक वाचलेलं असणार.

दोन दिवसांनी सासूबाईंना शेजारी बसवून बँकेच्या ॲपमधल्या चॅटवर विचारलं. तिथं एक गृहस्थ आले, नाव सांगितलं, नमस्कार झाला. मी लिहिलं, पैसे कोणत्या तारखेला येतील? उत्तर आलं, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. मी परत लिहिलं, तारीख सांगा. उत्तर, आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे. कोणता विभाग? लवकरात लवकर तोडगा काढला जाईल. लवकर म्हणजे कधी? आणखी काही मदत करू शकतो का? अजून पहिलीच झाली नाही हो, आणखी कसली! तेवढ्यात दारावर कुणी आलं, मी चार मिनिटांसाठी उठले, तर प्रतिसाद नाही म्हणून चॅट बंद. मी 26 मिनिटं प्रतिसादाविना थांबले तेव्हा मला कुठं बँक बंद करता आली होती?

स्पष्ट उत्तर कशाला म्हणायचं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. त्यात तारीख असते, ती चुकली तर काय मिळेल ते असतं, आणि आत्ता काम कुणाकडे अडलं आहे ते असतं. आपल्या केसमध्ये एवढंच म्हणायचं होतं: 'एटीएमवाल्या बँकेकडून मशीनची नोंद मागवली आहे, 9 तारखेपर्यंत पैसे येतील, उशीर झाला तर रोजचे 100 मिळतील.' हे बोलायला पंधरा सेकंद पुरतात. 'समजू शकतो' म्हणायला जवळपास तितकाच वेळ लागतो.

पाठपुराव्याचं तर नावच नको. 13 तारीख गेली, काही कळलं नाही. 14 ला मी फोन केला तेव्हा समजलं की तक्रार 8 तारखेलाच बंद केली आहे. कारण? 'समोरच्या बँकेच्या नोंदीप्रमाणे व्यवहार यशस्वी.' म्हणजे सासूबाईंनी पैसे घेतले आणि वर खोटी तक्रार केली! हे आम्हाला कळवायचंही कुणाला सुचलं नाही. एरवी कर्ज घ्या, कार्ड घ्या म्हणून दिवसाला तीन मेसेज पाठवणाऱ्या बँकेला एवढा एक मेसेज जड झाला. मी विचारलं, ती नोंद दाखवा, त्या दिवशीचा रोकडीचा मेळ दाखवा, कॅमेऱ्याचं चित्रण दाखवा. मुलगी गप्प झाली, मग म्हणाली, तक्रार पुन्हा उघडते, सात कामाचे दिवस लागतील.

इथं मी फोन सोडला आणि कागद घेतला. हा मुद्दा भगिनींनी नीट लक्षात ठेवावा. पुढं लोकपालाकडे जायचं असेल तर बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली असावी लागते, आणि तिला 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर दार उघडतं. फोनवर घालवलेल्या दहा दिवसांचं आपल्या हातात काय असतं? एक आकडा. लेखी म्हणजे कागद, ईमेलही चालतो, पण मला शाखेचा शिक्का हवा होता. 18 ऑगस्टला सासूबाईंच्या सहीनं अर्ज दिला. त्यात खात्याचा क्रमांक, एटीएमचा पत्ता, तारीख, वेळ, रक्कम, वजा झाल्याचा मेसेज, फोनवरच्या तक्रारीचा आकडा, आणि 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाचा उल्लेख. दोन प्रती नेल्या, एकीवर पोच घेतली. कारकून म्हणाला, 'अक्का, ऑनलाइन करा की.' मी म्हटलं, ऑनलाइन करूनच इथं आले आहे.

27 ऑगस्टला 10,000 जमा झाले. कुणी फोन केला नाही, क्षमा मागितली नाही, 'यशस्वी' व्यवहार अयशस्वी कसा झाला ते सांगितलं नाही. 9 ऑगस्टनंतर 18 दिवस झाले होते, त्याचे 1,800. ते आले नाहीत.

घरातले, शेजारचे, सगळे म्हणाले, झालं ना, मिळाले ना पैसे, आता 1,800 साठी कुठं भांडत बसता? मंदिरात एक काकू म्हणाल्या, 'अगं, पर्युषण आलं, क्षमा करायचे दिवस.' काकूंबद्दल मला आदर आहे, पण हे मला मान्य नाही. क्षमा करायची ती मनातला राग सोडायला. समोरच्याच्या वहीतली आपली येणी पुसून टाकायला नव्हे. क्षमावाणीच्या दिवशी आपण त्या फोनवरच्या मुलीची मनोमन क्षमा मागावी, मीही मागितली, कारण तिच्यावर आवाज चढला होता. बँकेनं मात्र आमची क्षमा कधी मागितल्याचं आठवत नाही. आणि 1,800 रुपये कमी आहेत हे कुणी ठरवलं? सासूबाईंच्या महिन्याच्या औषधांना एवढेच लागतात. शिवाय गणित उलट बाजूनंही करून बघा. ज्या हजारो बायकांनी 'जाऊ दे' म्हटलं, त्या सगळ्यांचे मिळून किती झाले? 'जाऊ दे' म्हणणाऱ्यांच्या जिवावरच उशीर स्वस्त पडतो.

29 ऑगस्टला दुसरा अर्ज दिला, फक्त त्या 1,800 साठी. तीस दिवस वाट बघितली, उत्तर नाही. 1 ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार भरली. याला फी नाही, वकील लागत नाही; दोन्ही अर्जांच्या शिक्क्यांच्या प्रती आणि खात्याचा उतारा जोडला, एवढंच. ज्यांना संगणक जमत नाही त्यांना कागदावर लिहून चंडीगडच्या सेक्टर 17 मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राकडे टपालानं पाठवता येतं. 14448 या नंबरवर कशी तक्रार करायची ते विचारता येतं, आणि तिथं मराठी आहे, कन्नडही आहे. बेळगावच्या बाईला तिच्याच गावातल्या बँकेनं जी भाषा दिली नाही ती रिझर्व्ह बँकेकडे मिळते, याची नोंद व्हायला हवी म्हणून लिहिते. एक मर्यादाही सांगून ठेवते: बँकेकडे न जाता थेट इथं गेलात तर तक्रार परत येते, आणि बँकेचं उत्तर आल्यावर वर्षभर गप्प बसून मग जाग आली तरीही चालत नाही.

17 ऑक्टोबरला 1,800 जमा झाले. उताऱ्यावर कारण नाही, फक्त रक्कम. दोन दिवसांनी बँकेच्या मुख्य कार्यालयातून एका बाईंचा फोन आला, बोलणं अतिशय मृदू. आपण समाधानी आहात ना, म्हणून विचारत होत्या. मी सासूबाईंना फोन दिला. त्यांनी कन्नडमध्ये एवढंच विचारलं, 'हे पैसे मी मागितले नसते तर तुम्ही दिले असते का?' पलीकडून हिंदीत सांगण्यात आलं की हा अभिप्राय वर कळवण्यात येईल.

माझं मागणं मोठं नाही. एटीएममधून रोकड निघाली नाही तर त्याच संध्याकाळी खातेदाराला तिच्या भाषेत एक मेसेज जावा: तुमचे 10,000 अमुक तारखेपर्यंत परत येतील, त्यानंतर रोज 100 रुपये मिळतील, नाही मिळाले तर या पत्त्यावर लिहा. मशीनला नोटा निघाल्या नाहीत हे कळतं, बँकेला नियम माहीत आहे, मोबाईल नंबर त्यांच्याकडे आहेच. असा मेसेज आला तर हेल्पलाइनवरच्या रांगेतल्या निम्म्या बायका फोनच करणार नाहीत. तो पाठवत नाहीत तोवर आमच्या मंडळातल्या बायकांनी ठरवलं आहे की गुणांचा मेसेज आला की आधी तारीख मिळाली का ते बघायचं. तारीख नसेल तर एक. मुलगी कितीही गोड बोलली तरी एक, आणि लिहायला जागा असेल तर तिथं लिहायचं: मुलगी चांगली होती, बँक नव्हती.